वरचा 138, खालचा 76 आणि कोपऱ्यातला M

‘बाबांनी बीपीच्या मशीनचा फोटो पाठवलाय. वर 138, मधे 76, सगळ्यात खाली 91. खूण पिवळ्या पट्टीत दिसतेय. नेटवरच्या तक्त्यात 138 म्हणजे पहिला टप्पा असं आहे, पण दुसरा आकडा तर नॉर्मल आहे. मग बाबांना बीपी आहे की नाही? आईच्या बीपीच्या गोळ्या घरात आहेतच, तोवर एखादी दिली तर चालेल का?’

हे मला त्यांच्या मुलीने विचारलं. गोळीचं उत्तर मी लगेच दिलं: नाही. ती गोळी डॉक्टरांनी आईची प्रकृती बघून दिली आहे, बाबांची नाही. ‘बीपी आहे की नाही’ हे सांगणं माझ्या कामात बसत नाही. मी समुपदेशक आहे, निदान डॉक्टर करतात. पण फोटोत काय दिसतंय ते नीट वाचायला मी मदत करू शकते. त्या दिवशी बराच वेळ त्यातच गेला.

SYS समोरचा 138 म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं त्या क्षणी रक्तवाहिन्यांत असलेला दाब, म्हणजे आपण म्हणतो ते ‘वरचं’ बीपी. DIA समोरचा 76 म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातला दाब, ‘खालचं’. PULSE समोरचा 91 हा दाब नाहीच, ते मिनिटाचे ठोके. तक्त्यातल्या पट्ट्यांशी त्याचा संबंध नाही. तिसरा आकडाही कुठल्या तरी पट्टीत बसवू पाहणारे मला दर आठवड्याला भेटतात.

आता ‘दुसरा आकडा तर नॉर्मल आहे’ याबद्दल. प्रत्येक आकड्याची पट्टी स्वतंत्र बघायची आणि त्यातली जी वरची असेल ती त्या मोजणीची पट्टी धरायची. एक चांगला म्हणून दुसरा माफ होत नाही, आणि दोघांची सरासरीही काढायची नाही. तक्ता बारकाईने वाचला तर हे दोन छोट्या शब्दांत लिहिलेलं सापडतं. नॉर्मलच्या ओळीत 120 च्या खाली ‘आणि’ 80 च्या खाली असं असतं. पहिल्या टप्प्याच्या ओळीत 130 ते 139 ‘किंवा’ 80 ते 89 असं असतं. सगळी गंमत त्या ‘आणि’ आणि ‘किंवा’मध्ये आहे. 76 एकटा नॉर्मलमध्ये बसतो, पण 138 मुळे मोजणी वरच्या ओळीत जाते.

मात्र हा तक्ता अमेरिकेतला, 2017 सालचा. युरोपातल्या 2018 च्या तक्त्यात हाच 138 ‘नॉर्मलची वरची बाजू’ या पट्टीत येतो आणि उच्च रक्तदाब 140 किंवा 90 पासून सुरू होतो. बऱ्याच घरगुती मशीनच्या कडेची रंगीत पट्टी या दुसऱ्या पद्धतीने आखलेली असते. कुठला रंग कुठून सुरू होतो ते मशीनच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. मी त्यांना पुस्तिका काढायला लावली. त्यांच्या मशीनवर तीन हिरवे भाग होते आणि पिवळा 140 पासून सुरू होत होता. म्हणजे 138 ला खूण तिसऱ्या हिरव्यापाशी असायला हवी होती. मग फोटोत ती पिवळ्यात कशी?

‘फोटो कोणी काढला?’ मी विचारलं.

‘आईनं. बाबा टेबलाशी बसलेले, ती समोर उभी होती. उलटा आला होता, मी फिरवून घेतला.’

तिथेच उलगडा झाला. रंगीत पट्टी मशीनच्या वरच्या प्लास्टिकवर छापलेली असते आणि खूण आत, काचेखाली उमटते. सरळ वरून पाहिलं तर दोन्ही जुळतात. आईनं मशीनच्या वरच्या कडेकडून तिरका फोटो काढला, त्यामुळे आतली खूण वर सरकल्यासारखी दिसली आणि पिवळ्याला टेकली. म्हणून फोटोतल्या रंगावर विसंबू नये, आकडा वाचावा. आकडाही फसवतो म्हणा. ट्यूबलाइट चमकली की 7 ची वरची रेघ पुसून 1 दिसतो, 8 चा 6 होतो. फोटोसोबत आकडे टाइप करून पाठवा, असं मी सगळ्यांनाच सांगते.

फोटो मोठा करून पाहिला तर कोपऱ्यात बारीक M होता. M म्हणजे मशीनच्या आठवणीत साठवलेली जुनी मोजणी. आत्ताची नव्हे. त्यात ठोके 91, त्यामुळे मी विचारलं की मोजण्याआधी बाबा काय करत होते. फोन बाबांकडे गेला.

‘अहो, काल फिरून आलो, जिना चढलो आणि म्हटलं लगेच बघून टाकू.’

‘बसून किती वेळ झाला होता?’

‘बसलो कुठे? पट्टा शर्टावरूनच गुंडाळला.’

इथवर आलो तेव्हा 138 खोटा आहे असं मी म्हटलं नाही. तो आकडा जिना चढून आलेल्या, शर्टावर पट्टा बांधलेल्या माणसाचा होता, एवढंच. पट्टी त्या एका मोजणीची असते.

मग आठवडाभर कसं मोजायचं ते ठरलं. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत. हात खाली लोंबकळला तर आकडा वाढीव येतो. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट. सगळे आकडे वहीत, आवडलेले तेवढेच नव्हेत. सात दिवसांनी पहिला दिवस वगळून उरलेल्या 24 मोजण्यांची सरासरी.

एक गोष्ट मात्र दोघांनाही दोनदा सांगितली. वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं किंवा नजर अंधुक होणं यातलं काही असेल, तर वही आणि फोटो बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठायचं. काहीच त्रास नसेल तर मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचं आणि आकडा तसाच आला तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन करायचा.

सरासरी आली 131 आणि 77. अमेरिकेच्या तक्त्यात हा वरचा आकडा पहिल्या टप्प्यात येतो, 130 ची रेघ एका अंकाने ओलांडून. युरोपच्या पद्धतीत घरच्या मोजणीची सीमा 135 आणि 85 आहे, म्हणजे त्याच्या आत. मुलीचा पुन्हा तोच प्रश्न: ‘मग आहे की नाही?’

म्हटलं, या दोन रेघांमधल्या जागेतच डॉक्टरांचं काम सुरू होतं. वय, साखर, किडनी, चालू गोळ्या, दवाखान्यात त्यांनी स्वतः घेतलेली मोजणी, हे सगळं त्यांच्यापुढे असतं, माझ्यापुढे फक्त वही. बाबा वही आणि मशीन दोन्ही घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी मशीन आपल्या मशीनशी ताडून पाहिलं, मग वही उघडली.