B2, E5, J11, Q23, Z47, ? : अक्षर आणि अंक वेगवेगळ्या नियमांनी चालणारी मालिका

प्रश्न: B2, E5, J11, Q23, Z47, ? या मालिकेचे पर्याय K94, K95, K97 आणि L95 असे आहेत. B चा क्रमांक 2 आणि E चा 5, म्हणून अंक म्हणजे अक्षराचा क्रमांकच असणार असे वाटले, पण मग J ला 11 कसे? शिवाय Z नंतर अक्षरच उरत नाही. उत्तर K95 दिले आहे. ते कसे आले, कोणी समजावून सांगाल का?

उत्तर:

K95 बरोबर आहे. तुम्हाला पडलेले दोन्ही प्रश्न नेमक्या जागी पडलेले आहेत, कारण ही मालिका रचणाऱ्याने त्याच दोन ठिकाणी अडचण पेरून ठेवली आहे. पहिल्या दोन पदांत अंक आणि अक्षराचा क्रमांक जुळतात हा निव्वळ योगायोग आहे, आणि Z पाशी अक्षरमाला संपत नाही, ती पुन्हा A पासून सुरू होते.

अशा मालिकेत पद अखंड वाचायचे नाही. कच्च्या कागदावर अक्षरांची एक ओळ आणि अंकांची त्याखाली दुसरी ओळ करावी, आणि अक्षरांच्या खाली त्यांचे क्रमांकही लिहून टाकावेत. क्रमांक पाठ नसतील तर EJOTY एवढे लक्षात ठेवले तरी पुरते, कारण E, J, O, T, Y यांचे क्रमांक अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ आहेत आणि कोणतेही अक्षर यांपैकी एखाद्यापासून दोन घरांच्या आत सापडते (A आणि B तेवढे याला अपवाद आहेत, पण त्यांचे क्रमांक कोणाला सांगावे लागत नाहीत). तुमची मालिका मग अशी दिसते:

```
अक्षर     B   E   J    Q    Z    ?
क्रमांक    2   5   10   17   26
अंक       2   5   11   23   47   ?
```

आधी वरची ओळ घेऊ. क्रमांकांमधील फरक ३, ५, ७, ९ असे आहेत, म्हणजे प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा दोन घरांनी मोठी होत जाते आणि पुढची उडी ११ घरांची असली पाहिजे. २६ अधिक ११ म्हणजे ३७. अक्षरे २६ च असल्यामुळे एक पूर्ण फेरी वजा केली की ११ उरतात, आणि अकरावे अक्षर K आहे. पडताळणीसाठी दुसरी वाटही आहे: २, ५, १०, १७, २६ हे १, २, ३, ४, ५ यांच्या वर्गांत एकेक मिळवून आलेले आकडे आहेत, कारण लागोपाठच्या विषम संख्या मिळवत गेल्या की वर्ग तयार होतात. सहाचा वर्ग ३६, त्यात एक मिळवला की ३७. दोन्ही वाटा एकाच अक्षरावर येतात, तेव्हा K बद्दल शंका उरत नाही.

फेरी ओलांडताना बोटांवर मोजणाऱ्यांची गफलत होते, आणि L95 हा पर्याय तिच्यासाठीच ठेवलेला आहे. Z सोडून पुढचे पहिले घर A हे मोजायचे असते. A ला शून्य धरून B पासून मोजायला सुरुवात केली की अकरावे घर L येते. याउलट उभे असलेले Z हेच पहिले घर धरले, तर J वर थांबायला होते. म्हणून Z ओलांडताना बोटांनी मोजण्यापेक्षा बेरीज करून २६ वजा करणे जास्त भरवशाचे आहे. मात्र जे वजाबाकीऐवजी २६ ने भागून बाकी काढतात त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बेरीज ५२ आली तर बाकी शून्य येते, आणि शून्य क्रमांकाचे अक्षर नसल्यामुळे तिथे Z समजायचे. मालिका उलटी जात असेल तर हेच गणित उलटे करावे. C पासून पाच घरे मागे म्हणजे ३ वजा ५, उणे २. त्यात २६ मिळवले की २४, म्हणजे X.

अक्षरांच्या ओळीत आणखी एक बारकावा आहे, तो घाईत निसटतो. ३, ५, ७ या उड्या विषम संख्या आहेत तशा त्या मूळ संख्याही आहेत. उड्या मूळ संख्यांच्या असत्या तर Q नंतरची उडी ११ ची झाली असती आणि १७ अधिक ११ म्हणजे २८, अर्थात B आले असते. मालिकेत Z आहे, म्हणजे उडी ९ ची आहे, आणि ९ ही मूळ संख्या नाही. नियम निश्चित होतो तो या चौथ्या उडीमुळे. पहिल्या तीन उड्या पाहून लेखणी टेकवली असती तर तो केवळ अंदाज ठरला असता, मग तो बरोबर निघो वा चूक.

आता खालची ओळ: २, ५, ११, २३, ४७. इथे फरक ३, ६, १२, २४ असे दुप्पट होत जातात, म्हणून पुढचा फरक ४८ आणि पुढचा अंक ९५. हाच नियम दुसऱ्या शब्दांत सांगायचा तर आधीच्या अंकाची दुप्पट करून एक मिळवायचा. दोन्ही मांडण्या गणिताने एकच आहेत, त्यामुळे तुम्हाला जी आधी दिसेल ती वापरावी. दुप्पट केली आणि एक मिळवायचे राहून गेले की K94 येते, आणि घाईत हे बऱ्याच जणांचे होते.

K97 हा पर्याय मात्र जास्त विचारपूर्वक बेतलेला आहे. २, ५, ११, २३, ४७ या पाचही संख्या मूळ संख्या आहेत. दुप्पट अधिक एक करत गेल्यावर लागोपाठ मूळ संख्याच मिळत राहतात अशा ओळीला कनिंगहॅम साखळी म्हणतात, आणि २ पासून सुरू होणारी ही साखळी ४७ पाशी तुटते, कारण ९५ म्हणजे ५ गुणिले १९. सगळे अंक मूळ संख्या आहेत एवढे ज्याच्या लक्षात आले, पण दोन अंकांमधला संबंध ज्याने तपासला नाही, तो पर्यायांत ९७ दिसताच त्यावर खूण करतो. परंतु 'सगळे मूळ संख्या आहेत' हा नियम पुढचे पद ठरवतच नाही. ९७ का आणि ५३ का नाही, याला त्यात उत्तर नाही. जो नियम पुढे नेमकी एकच संख्या देतो, तोच मालिकेचा नियम मानावा.

पहिले तीन अंक किती फसवे असतात तेही इथेच दिसते. २, ५, ११ एवढेच दिले असते, तर फरक तिनाने वाढतो असे धरून पुढे २० येऊ शकते, फरक दुप्पट होतो असे धरून २३ येऊ शकते, आणि एकाआड एक मूळ संख्या घेतल्या आहेत असे धरून १७ सुद्धा येऊ शकते. तिन्ही उत्तरे तितकीच सयुक्तिक आहेत. चौथे पद २३ असल्यामुळे वाद मिटतो, आणि पाचवे ४७ त्यावर शिक्कामोर्तब करते. म्हणून तुम्ही पहिल्या दोन पदांवरून बांधलेला अंदाज चुकीच्या दिशेचा नव्हता, फक्त तो तिसऱ्या पदाशी ताडून पाहताच सोडून द्यायला हवा होता. J ला १० ऐवजी ११ दिसले, की अंक म्हणजे अक्षराचा क्रमांक नाही हे तिथेच सिद्ध झाले.

अंक अक्षराला बांधलेला आहे की स्वतंत्र, हे ओळखण्याची माझी रीत अशी आहे की अक्षरांवर हात ठेवून केवळ अंक वाचावेत आणि पुढचा अंक निघतो का ते पाहावे. निघाला तर अंकांचा नियम स्वतंत्र धरून चालावे. नाही निघाला तरच अक्षरांच्या क्रमांकाकडे वळावे. बहुतेक वेळा ही रीत पुरते, पण एक मालिका अशी आहे जिथे दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि ती समजून घेण्यासारखी आहे:

```
C9, F36, J100, O225, U441, ?
```

अक्षरांचे क्रमांक ३, ६, १०, १५, २१ आहेत आणि अंक हे त्यांचेच वर्ग आहेत. पण अक्षरे झाकून नुसते अंक पाहिले तर त्यांच्यातले फरक २७, ६४, १२५, २१६ म्हणजे ३, ४, ५, ६ यांचे घन आहेत, तेव्हा अंकांचा स्वतंत्र नियमही तितकाच चोख बसतो. U पर्यंत दोन्ही नियमांत तसूभरही फरक पडत नाही. पुढची उडी ७ ची, २१ अधिक ७ म्हणजे २८, आणि अक्षर B, यावरही दोघांचे एकमत आहे. अंकावर मात्र ते वेगळे होतात. अंक अक्षराच्या क्रमांकाचा वर्ग असेल तर B चा क्रमांक २ असल्यामुळे उत्तर B4 यायला हवे, आणि अंक स्वतंत्र चालत असेल तर ४४१ मध्ये सातचा घन ३४३ मिळवून ७८४, म्हणजे B784 यायला हवे. अक्षरांना फेरी असते, अंकांना ती नसते. २६ ओलांडताच अक्षर मागे A पाशी येते आणि अंक पुढेच जात राहतो. पर्यायांत B4 आणि B784 दोन्ही असतील तर तो प्रश्न सदोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दिलेल्या पाच पदांमधून त्यांतले एक निवडायला कोणताही आधार मिळत नाही. एकच असेल तर ते उत्तर.

तुमच्या मालिकेत असा पेच नाही, कारण तिसऱ्या पदातच अंक अक्षरापासून सुटा झालेला आहे आणि फेरी त्यानंतर येते. पण उड्या झपाट्याने वाढणाऱ्या मालिका सोडवताना फेरीचा आणखी एक परिणाम समोर येईल. A, C, G, O, E, K ही अक्षरे घ्या. उड्या २, ४, ८, १६ अशा दुप्पट होत जातात आणि मग E पासून K पर्यंत अचानक ६ ची उडी दिसते, तेव्हा नियम मोडला असे वाटून बरेच जण तो सोडून देतात. वास्तविक ती उडी ३२ ची आहे. एक पूर्ण फेरी मारून वर ६ घरे पुढे गेलेली. दोन अक्षरांमधले अंतर आपल्याला २६ च्या पटीइतके कमी-जास्त असू शकते एवढेच कळते, त्यामुळे एखादी उडी रांगेत बसत नसेल तर तिच्यात २६ मिळवून किंवा वजा करून पाहावे, आणि मगच नियम चुकला असे म्हणावे. त्या मालिकेत K नंतरची उडी ६४ ची, ११ अधिक ६४ म्हणजे ७५, त्यातून ५२ वजा केले की २३, म्हणून पुढचे अक्षर W.