पेट्रोलच्या लिटरमागे कोणाला किती?

प्रश्न: नागपुरात एक लिटर पेट्रोलच्या पैशातले सरकारला किती जातात न् पंपवाल्याला किती उरतात?

भाव 104 रुपये धरला तर केंद्राला 21.90, राज्याला साधारण 24.90, पंपाला सव्वाचार-साडेचार; उरलेले 53च्या आसपास तेल कंपनीचे. मी पंपाचा हिशेब लिहितो. बिलावर फक्त दर, लिटर अन् रक्कम असते, म्हणून उलटं मोजायचं. आधी राज्याचा ठोक अधिभार 5.12 वजा करा, 98.88 राहतात. 25 टक्के व्हॅट काढायला 1.25 ने भागा, 79.10 येतात, म्हणजे व्हॅट 19.78. 79.10 मधून केंद्राचं उत्पादन शुल्क अन् पंपाचं कमिशन काढलं की मूळ किंमत, वाहतुकीसकट.

गंमत अशी, की व्हॅट केंद्राच्या शुल्कावरही लागतो: त्या 21.90 वर राज्य आणखी 5.48 घेतं. पंपवाल्याच्या कमिशनपेक्षा जास्तच! त्याच कमिशनातून पोरांचे पगार, वीजबिल अन् उडून जाणारं पेट्रोलही भागवायचं.

हे आकडे एप्रिल 2025च्या शुल्कवाढीनंतरचे. शुल्क बदललं की नव्याने मोजा. डिझेलला तेव्हा शुल्क 17.80, व्हॅट 21 टक्के.