गुडघा दुखतो, पण पोरगा सांगत नाही

"ताई, पोराले हा रोग माह्याच अंगातून गेला म्हन्तेत. मीच दिला का जी त्याले?"

यवतमाळकडच्या खेड्यांतून हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची मुलं घेऊन येणाऱ्या आया हेच विचारतात. एका घराची गोष्ट सांगते. मुलगा नऊ वर्षांचा, सोबत आई आणि आजी. उजवा गुडघा सुजलेला, अर्धवट वाकलेला. सिकलसेलची तपासणी चांगली आली होती, म्हणून 'रक्तात काही नाही' असं समजून वर्षभर तेल लावून गुडघा चोळला. हिमोफिलिया त्या तपासणीत दिसत नाही. प्लेटलेटही नॉर्मल असतात. एपीटीटी या तपासणीत रक्त गोठायला जास्त वेळ लागतो असं दिसतं आणि मग रक्त गोठवणारा नेमका कोणता घटक, म्हणजे फॅक्टर, कमी आहे ते मोजतात. या मुलात फॅक्टर आठ एक टक्क्यापेक्षाही कमी होता. अशा मुलाला मार न लागताही सांध्यात रक्त उतरतं.

आजी म्हणाली, "आमच्या खानदानीत नव्हतं हे."

मी कागद घेतला. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. फॅक्टर आठ बनवण्याची सूचना एक्सवर असते. आईच्या एका एक्सवर ती बिघडलेली असली तरी दुसरा एक्स बहुतेक काम भागवतो, म्हणून तिला सहसा कळतही नाही. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतो. तो बिघडलेला आला तर भरून काढायला दुसरा नसतो. प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता निम्मी, आणि कोणता एक्स जाणार हे आईच्या हातात नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात तर हा आजार आधी कुणालाच नसतो, बिघाड नव्यानेच झालेला असतो.

आई हळूच म्हणाली, "माह्या मामाचा पाय असाच वाकडा होता. सारे पोलिओ म्हनत."

तो पोलिओ नसावा. आजीने कागद स्वतःकडे ओढला आणि बराच वेळ पाहत राहिली.

पण या घराची गाठ सुटली ती पुढच्या एका भेटीत. मी मुलाला विचारलं, "सूज यायच्या आधी काही कळतं का रे तुला?"

"मुंग्या येतात. गरम लागते आतून."

"मग सांगतोस कुणाला?"

"नाही. आई रडते अन् आजी तिले बोलते."

आईने तोंडावर पदर घेतला. आजीही गप्प झाली.

मी कुटुंबाकडे एक साखळी म्हणून पाहते, एकट्या माणसात दोष शोधत नाही. इथे ती साखळी लख्ख दिसली. आईला बोल लागायचा, म्हणून मुलगा लपवायचा आणि शिरेतून फॅक्टर द्यायला दोन दिवस उशीर व्हायचा. मुंग्या येतात तेव्हाच रक्त उतरायला सुरुवात झालेली असते. पहिल्या दोनेक तासांत फॅक्टर मिळाला तर सांधा बराच वाचतो. सूज दिसेपर्यंत थांबलं की सांधा रक्ताने भरतो. त्या रक्तातलं लोह सांध्याच्या आतल्या अस्तरात साठतं. अस्तर सुजून जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्याच पुन्हा रक्तस्राव करतात. म्हणून एकच गुडघा परत परत सुजतो. दरम्यान हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते. ती पुन्हा तयार होत नाही. सूज उतरली तरी आतलं नुकसान राहतं.

आई ब्लाउज शिवते. तिच्याच टेपने तिला दोन्ही मांड्या मोजायला सांगितल्या. उजवी बारीक निघाली. दुखतो म्हणून पाय वाकवून ठेवला की मांडीचा स्नायू सुकतो, मग गुडघ्याला आधार उरत नाही आणि रक्तस्राव वाढतो. माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा ती टेप जास्त बोलली.

त्या दिवशी घराचा नियम ठरला, तो आजीनेच सांगितला: "पोरगा मुंग्या म्हनला की कोनी कोनाले बोलाचं नाही. गाडी काढाची." फॅक्टर जिल्हा रुग्णालयात मोफत मिळतो. तोवर पाय स्थिर ठेवायचा, बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, चोळायचं किंवा शेकायचं नाही. गावातल्या डॉक्टरकडून कमरेत इंजेक्शन नको, कारण स्नायूतही रक्त साठतं. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. सूज उतरली की फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम.

पुढच्या खेपेला मुलगा सूज नसतानाच फॅक्टर घ्यायला आला. मला फार बरं वाटलं. गुडघा पूर्ण सरळ होत नाही अजून, कदाचित होणारही नाही.

निघताना आजीने विचारलं, "अन् नातीचं काय?" तिच्याही एका एक्सवर हा बिघाड असण्याची, म्हणजे ती वाहक असण्याची, शक्यता निम्मी. वाहक मुलींपैकी काहींचा फॅक्टर कमी असतो. त्यांना पाळीत फार रक्त जातं, दात काढताना किंवा बाळंतपणात त्रास होतो. नातीचा फॅक्टर मोजायला सांगितला. आईचाही, कारण तिचा आजवर कुणी मोजलाच नव्हता.