पावलं नकोत, मिनिटं मोजा

*मावशी, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 28 जण आहेत. दर शनिवार-रविवारी चालायचं चॅलेंज सुरू करावं म्हणते. पण मोठ्या जाऊबाईंना वाटेल, त्यांच्या वजनावरून टोमणा मारला. आणि शेतात राबणारे दीर दरवेळी पहिले येणार. मेसेज लिहू तरी कसा? – एक सून, जालना*

अगं, पहिल्या नंबराचं बक्षीसच ठेवू नकोस. पावलांची स्पर्धा लावलीस की घरातल्या बायका आधीच हरल्या. फोन ओट्यावर पडलेला आणि बाई दिवसभर न्हाणीपासून गच्चीपर्यंत फिरते. फोन अंगावर नसला तर त्यातलं एकही पाऊल मोजलं जात नाही. दिरांचा मात्र खिशातच, त्यामुळे औताच्या मागे घातलेली फेरीन् फेरी जमा.

म्हणून मिनिटं मोजा. आणि ती एकमेकांविरुद्ध नकोत, सगळ्यांची मिळून एका वाटेवर टाका. संभाजीनगर ते पैठण धरा साधारण 50 किलोमीटर. अर्धा तास चालणं म्हणजे 2 किलोमीटर, हा हिशेब आत्याबाईंना आणि कॉलेजातल्या पोरांना सारखाच. 28 पैकी निम्मे तरी गप्प बसतील, हे धरूनच चाल. 13 जण दोन्ही दिवस अर्धा-अर्धा तास चालले, तर 52 किलोमीटर होतात; पोचलात की! दिरांचाही अर्धा तास तेवढाच, शेतातलं काम त्यात धरायचं नाही.

मेसेजमध्ये वजन, पोट, शुगर, फिटनेस यातला एकही शब्द नको. असं लिही:

“राम राम मंडळी! या शनिवार-रविवारी आपण सगळे मिळून पैठणला पायी निघतोय, तेही आपापल्या गल्लीतून! जमेल तेवढं चाला आणि ग्रुपवर फक्त मिनिटं टाका. फोटो नको, पावलं नको. हिशेब मोठ्या वहिनींकडे. रविवारी रात्री कळेल, नाथांच्या दारात पोचलो की बिडकीनलाच मुक्काम!”

हिशेब जाऊबाईंकडे देण्याआधी त्यांना फोन करून विचार. “तुमच्याशिवाय कुणी ऐकणार नाही” म्हण, खोटंही नाही ते. वही ज्यांच्या हातात, त्यांना टोमणा कसला लागतो?

मेसेज शुक्रवारी संध्याकाळी टाक. सकाळी टाकलास तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जाईल. आत्याबाईंना आधीच सांगून ठेव, पहिलं उत्तर त्यांचं यायला हवं. त्या “मी येते” म्हणाल्या की भाचे-पुतणे मागे राहत नाहीत.

उन्हाळ्यात आपल्याकडे आठलाच ऊन चटका देतं, तेव्हा सातच्या आत घरी. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. हे मात्र ग्रुपवर नको, ज्याचं त्याला फोनवर सांग.

कुणी दोनशे मिनिटं ठोकली तर भांडू नकोस. एका माणसाचा एका दिवसाचा हिशेब तासाभरापुरताच धरायचा, हे जाऊबाईंना आधीच वहीत लिहून ठेवायला सांग.