परिचयात विशेषणे नकोत, कामाचा तपशील हवा

“स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटल्या की मला लाज वाटते. साधे लिहिले तर ते कोणाच्याही नावाखाली खपेल असे सपक होते, आणि जरा रंगवले की फुशारकी वाटते. काय करू?”

दापोली परिसरात समुपदेशन करताना हे गाऱ्हाणे शिक्षिका, परिचारिका, बागायतदार अशा अनेकांकडून माझ्या कानावर येते. त्यांतील एका गृहस्थांची हकिगत, ओळख पटू नये इतपत बदलून, येथे देते. ते हर्णै बंदरावर मच्छीमार बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त करतात. एका प्रशिक्षण संस्थेने मुलांना शिकवण्यासाठी त्यांना बोलावले होते आणि सोबत परिचय मागितला होता. त्यांनी लिहिले होते : “मी इंजिन दुरुस्तीचे काम करतो. कामाची आवड आहे. प्रामाणिकपणे सेवा देण्याचा माझा छोटासा प्रयत्न असतो.”

मी त्यांना एवढेच विचारले, की हा मजकूर बंदरावरच्या दुसऱ्या एखाद्या मिस्त्रींच्या नावाखाली छापला, तर कोणाच्या लक्षात येईल का? ते हसून म्हणाले, “कोणाच्याच नाही, मॅडम.” परिचय सपक आहे की नाही, हे पाहण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. शिवाय ‘छोटासा प्रयत्न’ या शब्दांत नम्रता दिसते खरी, पण त्यातून माहिती काहीच मिळत नाही.

“तुमचे वैशिष्ट्य काय?” असा प्रश्न मी अशा माणसाला कधीच विचारत नाही, कारण त्यावर तो मिटून जातो. माणसाच्या स्वतःच्या गोष्टींतून समुपदेशन करण्याची पद्धत मांडणारे मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एपस्टन यांच्या विचाराकडे माझा ओढा आहे. माणसाला त्याच्या गुणांची यादी विचारण्यापेक्षा त्याच्या हातून घडलेली नेमकी गोष्ट विचारावी, हे मी तिथून घेतले. म्हणून मी विचारले, “मासेमारी बंदीच्या काळात, जून-जुलैत, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना माणसे तुमच्याकडे काय तक्रार घेऊन येतात?”

तोवर हाताची बोटे मोडत बसलेले ते गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. “इंजिन तापते म्हणून येतात. त्यांना वाटते, आता सगळे इंजिन खोलावे लागणार. मी आधी समुद्राचे पाणी ओढणारा पंप बघतो. त्यातला रबरी इंपेलर कोरडा फिरला, की त्याची पाती जळतात, तुटतात. तुटलेला तुकडा पुढे पाइपात अडकतो. म्हणून नुसता नवा इंपेलर बसवून भागत नाही, तुकडे शोधून काढावे लागतात.” कोणत्या बोटीचे काय बदलले, याची ते वही ठेवतात, हेही त्यातच निघाले.

“हेच लिहा की!”

“पण यात मोठेपणा कसला? हे तर जसे आहे तसे आहे.”

मी त्यांना तिथेच थांबवले, कारण ज्या उत्तरासाठी ते आले होते, ते त्यांच्याच तोंडून निघाले होते. ‘कुशल’, ‘अनुभवी’ हे निवाडे आहेत, ते वाचणाऱ्याने द्यायचे. ‘आधी पंप बघतो’ ही माहिती आहे, ती देणाऱ्याला लाजण्याचे कारण नाही. संकोची माणूस निवाडे टाळताना माहितीही गाळून टाकतो आणि मग परिचयात उरते ती फक्त आवड. हा फरक मला अनेकांच्या बोलण्यातून उमगत गेला, आणि तो हाती लागल्याचे समाधान मी लपवत नाही.

पुढचे लेखन सोपे होते. काय आणि कुठे करता, हे पहिल्या वाक्यात. कामाची तुमची एक रीत पुढच्या दोन-तीन वाक्यांत. मग जे करत नाही ते, कारण मर्यादा सांगितली की आधीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. आणि शेवटी कोणाकडून शिकलात, ते. गुरूचे ऋण लिहिताच त्यांचा उरलासुरला संकोचही गेला. गिऱ्हाइकांच्या बोटींची नावे मात्र घालू नयेत, असे मी सुचवले. तयार झालेला परिचय असा :

“हर्णै बंदरावर मी मच्छीमार बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त करतो. इंजिन तापत असेल, तर ते खोलण्याआधी मी पाण्याचा पंप तपासतो आणि इंपेलरचे तुटलेले तुकडे शोधून काढतो. प्रत्येक बोटीच्या दुरुस्तीची वही ठेवतो. गिअरबॉक्सचे काम करत नाही. हे काम मी बंदरावरच्या एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो.”

नोकरीच्या अर्जात प्रमाणपत्रे आणि वर्षे आधी लागतात, तिथे हा क्रम चालत नाही. ती माहिती वेगळ्या ओळीत द्यावी आणि हा परिच्छेद तिच्याखाली ठेवावा. एकाच परिचयात तीन-चार रीती कोंबल्या, तर एकही लक्षात राहत नाही, म्हणून त्यांनी सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी मी वगळायला लावल्या.

संस्थेने छापताना सुरुवातीला ‘नामवंत तंत्रज्ञ’ असे शब्द जोडले होते. त्यांनी फोन करून ते काढायला लावले, आणि वहीचे वाक्य तेवढे गाळू नका, असे बजावून सांगितले.