वीस वर्षांचं काम बायोडाटात कसं मांडायचं?

ताई, वीस वर्षं एकाच कंपनीच्या हिशेब विभागात कारकून होतो. दोन महिन्यांपूर्वी कपातीत नाव आलं. 'बिलं आता सॉफ्टवेअरच जुळवतं,' असं साहेब म्हणाले. घरातले झोपले की रात्री बायोडाटा लिहायला बसतो. 'बिलं तपासणे, बँकेचा मेळ घालणे' एवढं लिहिलं की हात थांबतो. मध्ये दोनदा सॉफ्टवेअर बदललं, माझं पद मात्र तेच राहिलं. वीस वर्षांत एवढंच केलं का मी?
— एक कारकून

आज रात्री बायोडाटाची फाइल उघडूच नका. कोरा कागद घ्या आणि एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: आठवडाभर रजा घेऊन परत आलात, की तुमच्या टेबलावर काय साचलेलं असायचं?

हा प्रश्न अशासाठी, की बायोडाटा लिहायला बसलं की माणूस नेमणूकपत्राची भाषा लिहायला लागतो. 'बिलं तपासणे' ही त्या पत्रातली ओळ झाली, ती पहिल्या दिवशीही खरीच होती. रजेच्या काळात सोपं काम शेजारच्या टेबलावरचे उरकतात. 'ते आले की बघतील' म्हणून जे बाजूला ठेवलं जातं, ते तुमचं वीस वर्षांचं काम.

बिलांचंच घ्या. साहेब म्हणाले त्यात अर्धं तथ्य आहे. खरेदी आदेश, माल आल्याची पावती आणि बिल, तिन्हींतले आकडे सारखे असतील तर सॉफ्टवेअर ते बिल पुढे सरकवतं. सारखे नसतील तर थांबतं आणि माणसाची वाट बघतं. शंभर नग मागवले, ९६ आले आणि बिल शंभरचं लागलं, तर गोदामाला फोन कोण करायचं? चार नग फुटले होते की मोजायचे राहिले, हे कोण शोधायचं? दुबार बिलांची गोष्ट तर आणखी बारीक. तोच बिल क्रमांक पुन्हा टाकला तर बरीच सॉफ्टवेअर्स अडवतात. पण पहिल्यांदा '०४५७' आणि महिन्याभराने आलेल्या प्रतीवर नुसतं '४५७' असेल, तर दोन वेगळी बिलं समजून दोन्हींचे पैसे जाऊ शकतात. 'ही रक्कम मी मागे पाहिली आहे' असं तुमच्या डोळ्याला खटकलं म्हणून किती वेळा पैसे थांबले, ते आठवून कागदावर उतरवा.

आता आकडे. कागदपत्रं हाताशी नाहीत म्हणून बरेच जण आकडे टाळतात आणि तिथेच ओळ पोकळ होते. उलट बाजूने हिशेब करा. समजा दिवसाला ३० ते ३५ बिलं हाताखालून जायची आणि महिन्याला कामाचे २२ दिवस. म्हणजे ६६० ते ७७०. 'सुमारे ७००' लिहिलंत तर मुलाखतीत हाच हिशेब तोंडी मांडता येतो. 'चुका ४० टक्क्यांनी कमी केल्या' असं मात्र लिहू नका. मोजलेलं नसेल तर पहिल्याच उलटप्रश्नाला ओळ कोसळते आणि बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. मग 'बिलं तपासणे'च्या जागी असं काही येईल:

'पुरवठादारांची महिन्याला सुमारे ७०० बिलं खरेदी आदेश व माल पावतीशी ताडून मंजुरीला पाठवली. सॉफ्टवेअरमध्ये अडकलेली बिलं गोदाम, खरेदी विभाग आणि पुरवठादार यांच्याशी बोलून सोडवली. दुबार बिलं पैसे जाण्याआधी पकडली.'

यात स्वतःबद्दल एकही विशेषण नाही, ते मुद्दाम. 'प्रामाणिक', 'मेहनती', 'संघात काम करणारा' हे शब्द अर्जांच्या गठ्ठ्यात इतक्यांदा येतात की वाचणारा ते वाचतच नाही.

बँकेच्या मेळाचंही असंच उकला. रोकडवहीची शिल्लक आणि बँकेची शिल्लक यांत ५४० चा फरक आला, तर जुना कारकून आधी ९ ने भागून बघतो. भाग गेला की आकडे उलटसुलट पडल्याचा संशय येतो: ४,८२० च्या जागी ४,२८० लिहिलं की नेमका ५४० चा फरक पडतो. त्यात काही मिळालं नाही तर फरकाची निम्मी रक्कम, म्हणजे २७०, शोधायची. जमेची नोंद नावे बाजूला गेली असेल तर फरक दुप्पट दिसतो. हे तुम्ही इतकी वर्षं करत आलात की ते कौशल्य आहे हेच तुम्हाला जाणवत नसेल. बायोडाटात ही युक्ती लिहायची नाही, ती मुलाखतीसाठी राखून ठेवा. बायोडाटात एवढंच: किती बँक खाती, मेळ कोणत्या तारखेच्या आत पूर्ण व्हायचा, आणि जुन्या रखडलेल्या नोंदी कोण निकाली काढायचं.

पद एकच राहिलं याचं काय? पद नेमणूकपत्रात आहे तेच आणि तसंच लिहा. फुगवलेलं पद जुन्या कंपनीत एक फोन केला की उघडं पडतं. पण एका पदाखाली वीस वर्षांचा एकच ढीग घालायचं बंधन नाही. कामाचं स्वरूप जसं बदललं तसे दोन-तीन कालखंड पाडा, ताजा सगळ्यात वर. सॉफ्टवेअर दोनदा बदललं, हे तुम्ही पत्रात जाता जाता सांगून टाकलंत. माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या प्रणालीतली एकेका पुरवठादाराची येणं-देणं बाकी नव्यात तंतोतंत उतरली का, हे कोणीतरी ताडलं असणार. त्यात तुम्ही होतात तर तो स्वतंत्र मुद्दा करा. किती खाती होती, फरक कशामुळे आले, नव्या पडद्यावर काम करायला इतरांना कोणी शिकवलं, सगळं लिहा. तिन्ही सॉफ्टवेअरची नावंही नेमकी लिहा, कारण भरतीवाले अनेकदा ते नाव शोधूनच अर्ज बाजूला काढतात. पहिली आठ-दहा वर्षं तीन-चार ओळींत आटोपली तरी चालेल. सगळं मिळून दोन पानं, त्याहून जास्त नको.

जुन्या कंपनीतल्या कुठल्याही कागदाची प्रत जोडू नका आणि पुरवठादारांची नावं, दर लिहू नका. नवा मालक ते बघून खूश होणार नाही. उद्या आपलेही कागद असेच बाहेर जातील, हेच त्याच्या मनात येईल.

चौकटी आणि दोन रकाने टाळा; अर्ज संगणकाने वाचला तर त्यातला मजकूर पुढेमागे होतो. नोकरीची शेवटची तारीख महिना-वर्षासकट खरी घाला, 'आजपर्यंत' नको. कपातीचं कारण बायोडाटात लागत नाही. मुलाखतीत विचारलं तर 'विभागातली पदं कमी केली, त्यात माझं गेलं' एवढं सांगा आणि थांबा. पुढे साहेबांची तक्रार जोडलीत तर मुलाखतीचा उरलेला वेळ तिच्यावरच जाईल.

रात्री लिहा, पण पाठवू नका. सकाळी एकदा मोठ्याने वाचा, आणि फोन नंबर दुसऱ्या कुणाला आकडा-आकडा वाचायला लावा. दुसऱ्याच्या नोंदीतला उलटा पडलेला आकडा तुम्हाला लगेच दिसेल, स्वतःच्या नंबरातला दिसेलच असं नाही.