पासबुकातील १७,५०० रुपयांचे व्याज: काढावे की आधी शोधावे?

प्रश्न: मी नाशिक रोडला राहते. एका द्राक्ष व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस होते, आता निवृत्त आहे. यजमान ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या बचत खात्याचे पासबुक भरून आणले, तर ३० सप्टेंबरला व्याज म्हणून १७,५०० रुपये जमा दिसले. शिल्लक तिमाहीभर २,४०,००० रुपयेच होती. म्हणजे वर्षाला २९ टक्के दर झाला, आणि हे अशक्य आहे. खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी मी. मुलगा म्हणतो, बँकेला विचारलेस तर ते परत घेतील, त्यापेक्षा त्यांच्या एटीएम कार्डावर काढून म्युच्युअल फंडात टाकू. काय करावे?

उत्तर: पैसे काढू नका. आपली शंका रास्त आहे, परंतु या आकड्यामागे चूक असण्यापेक्षा आपल्याला ठाऊक नसलेली एखादी ठेव असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते.

बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाते. दर अडीच टक्के धरला, तर २,४०,००० रुपयांवर जुलै ते सप्टेंबर या ९२ दिवसांचे व्याज सुमारे १,५१२ रुपये होते. त्याच पानावर आसपास एवढी रक्कम वेगळी जमा झालेली आहे का, ते आधी पाहा. ती असेल, तर बचतीचे व्याज चोख मिळाले आहे आणि १७,५०० रुपये दुसऱ्याच कशाचे तरी आहेत.

आता उलटा हिशेब करू. तिमाहीला १७,५०० म्हणजे वर्षाला ७०,०००. साडेसहा टक्के दराने मुद्दल १०,७६,९२३ येते आणि साडेसात टक्क्यांनी ९,३३,३३३. अशा अडनिड्या रकमेची ठेव सहसा कोणी ठेवत नाही. सात टक्के धरले की मात्र बरोबर दहा लाख येतात. दर तिमाहीला व्याज बचत खात्यात वळते करणारी दहा लाखांची मुदत ठेव यजमानांनी ठेवली असावी, असा माझा कयास आहे. पडताळणीसाठी मागील तिमाह्यांच्या नोंदी काढा. बचतीचे व्याज शिलकीप्रमाणे दर वेळी बदलते, तर अशा ठेवीचे व्याज बहुधा रुपयाचाही फरक न पडता तेच येते. मागे १७,५०० कुठेच दिसले नाहीत, तर ठेव नवी असेल. मग मधल्या काळात दहा लाख याच खात्यातून गेले की दुसऱ्या एखाद्या खात्यातून, हे शोधावे लागेल. नोंदीपुढे ठेवीचा क्रमांक छापलेला असतो का, तेही भिंगाखाली पाहा. पासबुकाची छपाई अनेकदा पुसट असते.

यांपैकी काहीच जुळले नाही, तर मात्र बँकेची चूक धरावी. चुकून मिळालेली रक्कम परत करणे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार बंधनकारक आहे. म्हणून चिरंजीवांची सूचना दोन्ही बाजूंनी तोट्याची ठरते: पैसे चुकीचे असतील तर फंडातून काढून भरावे लागतील, आणि बरोबर असतील तर न विचारल्यामुळे त्यांमागचे दहा लाख कळणारच नाहीत. शिवाय खातेदाराच्या निधनानंतर त्यांचे कार्ड वापरणे गैर आहे, मग घरच्यांचा हेतू कितीही स्वच्छ असो.

शाखेत मृत्यूचा दाखला, पासबुक आणि आपले ओळखपत्र घेऊन जा. ‘३० सप्टेंबरच्या १७,५०० रुपयांच्या जमेचा स्रोत कळवावा आणि यजमानांच्या ग्राहक क्रमांकाखालील सर्व खाती व ठेवी यांची यादी द्यावी’ असा अर्ज द्या व त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारले तर ‘सिस्टीमने टाकले’ एवढेच ऐकून परतावे लागू शकते. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ठेवीवर नॉमिनी कोण आहे, हेही लेखी विचारा, कारण बचत खात्यावरचे आपले नाव ठेवीवर आपोआप लागत नाही.

ठेव निघालीच, तर ती लगेच मोडू नका. ठेवीदाराच्या निधनानंतर मुदतीआधी मोडल्यास दंड लागत नाही, हे खरे. परंतु आज नव्या ठेवीला सात टक्क्यांहून कमी दर मिळत असेल, तर मुदत संपेपर्यंत थांबणे फायद्याचे आहे. निधनापर्यंतचे व्याज यजमानांच्या उत्पन्नात धरून त्यांचे शेवटचे विवरणपत्र वारस म्हणून भरावे लागेल, तेव्हा व्याजाचा दाखला निधनाच्या तारखेपर्यंतचा वेगळा मागा.

फंडाचा विचार त्यानंतरच करावा. नॉमिनी म्हणून रक्कम आपल्या हाती येईल, पण मालकी वारसांची असते. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार आपण, प्रत्येक अपत्य आणि हयात असल्यास आपल्या सासूबाई यांचा सारखा वाटा आहे. इतरांनी आपला हक्क लेखी सोडला नाही, तोवर आपल्या वाट्यापलीकडचा एक रुपयाही आपल्या नावे गुंतवू नका.